तोंडी परीक्षेची ध्वनिफीत: उत्तर नेमकं कोणाचं होतं?

(दृश्य: पडद्यावर आवाजाची रेघ. खाली वेळ सरकतेय.)

अकरा मिनिटांची ध्वनिफीत आहे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकानंतरची तोंडी परीक्षा. प्रयोग नेहमीचाच: ॲसेटिक आम्लाचं सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. एक परीक्षक, एक विद्यार्थिनी. हा नमुना या चित्रफितीसाठीच रचला आहे, पण यातली प्रत्येक अडचण तोंडी परीक्षा घेणाऱ्यांच्या ओळखीची आहे.

आपल्याला या अकरा मिनिटांचं एक पान करायचंय. काय विचारलं, उत्तर कसं आलं आणि कुठे कच्चेपणा दिसला, एवढंच त्या पानावर हवं. वाचणाऱ्याने ध्वनिफीत ऐकलेली नसेल. पण त्याला शंका आली, तर नेमक्या सेकंदावर जाऊन ऐकता यायला हवं. म्हणून पानावरच्या प्रत्येक विधानाशेजारी वेळ लिहायची. ज्या विधानाला वेळ जोडता येत नाही, ते आपल्या मनातून आलेलं असतं. ते खोडून टाकायचं.

(दृश्य: लिखित उतारा. परीक्षकाची वाक्यं एका रंगात, विद्यार्थिनीची दुसऱ्या.)

सुरुवात प्रश्न मोजण्यापासून होते, आणि पहिली गफलतही तिथेच होते. उताऱ्यातली प्रश्नचिन्हं मोजली तर आकडा फुगतो. "बरोबर ना?" हा प्रश्न नव्हे. "म्हणजे कधी?" हा आधीच्याच प्रश्नाचा पुढचा धागा. एका मुद्द्याभोवतीचे सगळे उपप्रश्न एकत्र बांधले, की खरे प्रश्न मोजके उरतात. पान या गुच्छांप्रमाणे लिहायचं. कारण उत्तराचा दर्जा एका वाक्यात दिसत नाही. परीक्षक खणत जातो आणि विद्यार्थी कुठवर टिकतो, त्यात तो दिसतो.

पहिला गुच्छ ऐकू. वेळ 02:10.

परीक्षक विचारतात, "फिनॉल्फथॅलिनच का वापरलंस?"

"कारण त्याचा रंग स्पष्ट बदलतो, सर. रंगहीनपासून गुलाबी."

"रंग तर मिथिल ऑरेंजचाही बदलतो. मग ते का नाही चालत?"

सहा सेकंद शांतता. मग ती म्हणते, "त्याचा रंग लवकर बदलतो."

"लवकर म्हणजे कधी?"

"आम्ल पूर्ण संपायच्या आधीच."

"म्हणजे समतुल्य बिंदूला सामू सातपेक्षा जास्त असतो, म्हणून. बरोबर ना?"

"हो सर."

"छान."

(दृश्य: 'हो सर' या शब्दांभोवती वर्तुळ.)

घाईत लिहिलेल्या सारांशात इथे असं वाक्य येतं: 'दर्शकाच्या निवडीचं कारण सांगितलं, समतुल्य बिंदूला सामू सातपेक्षा जास्त असतो हे तिला माहीत आहे.' वाक्य वाचायला निर्दोष आहे. पण सामूचं विधान कोणी केलं? परीक्षकाने. तिच्या तोंडून त्यावर फक्त होकार आला. आणि 'बरोबर ना?' या प्रश्नाला परीक्षेच्या खोलीत जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो.

म्हणून प्रत्येक उत्तराबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. उत्तर बरोबर होतं की नाही, ही एक. आणि ते आलं कसं, ही दुसरी: आपणहून आलं, परीक्षकाने दिशा दाखवल्यावर आलं, की परीक्षकानेच सांगून टाकलं. या दोन गोष्टी एकाच शेऱ्यात किंवा एकाच गुणात कोंबल्या, की सारांशाचा उपयोग संपतो.

आता हाच गुच्छ पुन्हा लिहू. पहिलं उत्तर निरीक्षणापुरतं: रंग स्पष्ट दिसतो, एवढंच. मिथिल ऑरेंज समोर ठेवल्यावर तिने स्वतः कारण शोधलं, आणि ते खरोखर चांगलं होतं. मिथिल ऑरेंजचा रंग साधारण 3.1 ते 4.4 या सामूत बदलतो. ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत तोवर आम्ल निम्मंसुद्धा संपलेलं नसतं. म्हणजे तिचं 'लवकर' अचूक आहे, आणि त्याआधीची सहा सेकंदांची शांतता विचार करण्याची होती. याची नोंद तिच्या बाजूने व्हायला हवी. सामू सातच्या वर असतो हे मात्र परीक्षकाचं वाक्य, ते तिच्या खात्यात जात नाही. आणि तो वर का असतो, म्हणजे ॲसेटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतो, हे कोणी विचारलंच नाही.

जे विचारलं नाही, ते कच्चं आहे असं लिहिता येत नाही. पक्कं आहे असंही नाही. पानावर त्यासाठी वेगळी ओळ हवी: 'तपासलं गेलं नाही.' ही ओळ बहुतेक सारांशांत नसते. ती नसली की वाचणारा रिकाम्या जागेचा हवा तसा अर्थ लावतो.

(दृश्य: वेळ 04:20 वर येते.)

पुढचा गुच्छ अगदी छोटा. "सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाण द्रावण नुसतं वजन करून बनवता येतं का? नाही ना, ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं." प्रश्न आणि उत्तर यांच्यात सेकंदभराचंही अंतर नाही. विद्यार्थिनीने तोंड उघडलेलंच नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं, की उत्तरं लांबतात आणि उत्तर न देण्याचं प्रमाण घटतं. सारांश लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. 04:20 ची नोंद 'उत्तर देता आलं नाही' अशी होऊ नये. 'उत्तराची संधी मिळाली नाही' अशी व्हावी.

इथेच यंत्राने काढलेल्या लिखित उताऱ्याची मर्यादा कळते. त्यात शांतता बहुधा उतरत नाही. सहा सेकंद आणि अर्धा सेकंद कागदावर सारखेच दिसतात. पारिभाषिक शब्दांचं तर काहीही होतं, 'सामू'चा 'समूह' होऊ शकतो. दोघं एकदम बोलले, तर एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि उत्तर कोणाचं हा आपला मूळ प्रश्नच बिघडतो. उतारा जागा शोधायला चांगला. निर्णय मात्र कानाने ऐकूनच घ्यायचा.

(दृश्य: ब्यूरेट आणि शंकुपात्राचं साधं रेखाचित्र.)

आता या ध्वनिफितीतला सगळ्यात मोलाचा भाग. वेळ 05:40.

"ब्यूरेट भरण्याआधी काय केलंस?"

"पाण्याने धुतली, सर. मग सोडियम हायड्रॉक्साइडने खंगाळली. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं."

पूर्ण उत्तर, आपणहून, कारणासकट. मग 06:05 ला परीक्षक विचारतात, "आणि शंकुपात्र? तेही आम्लाने खंगाळलंस?"

"नाही, ते पाण्यानेच धुतलं. पण खंगाळायला हवं होतं, सर."

"आत थोडं पाणी राहिलं असेल तर?"

"तर आम्ल पातळ होईल आणि रीडिंग कमी येईल."

"ठीक आहे." आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

ते 'ठीक आहे' ऐकून सारांश लिहिणाऱ्याने उत्तर बरोबर धरलं, तर पान फसलं. हे उत्तर चुकीचं आहे. पिपेटने मोजून घातलेल्या 10 मिलीलीटर द्रावणात जेवढं आम्ल होतं, तेवढंच शंकुपात्रात राहतं. पाण्याने त्याची तीव्रता घटते, प्रमाण घटत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड तेवढंच लागतं. उलट पात्र आम्लाने खंगाळलं असतं, तर भिंतींना चिकटलेलं जास्तीचं आम्ल मोजणीत आलं असतं आणि रीडिंग वाढलं असतं. म्हणजे तिने केलेली कृती बरोबर होती, दिलेलं कारण चूक.

पण एका चुकीवरून कच्चेपणा जाहीर करू नये. परीक्षेत जीभ घसरते. म्हणून इतरत्र पुरावा शोधायचा, आणि तोही दोन्ही बाजूंचा.

07:30 ला गणित आहे. 10 मिलीलीटर आम्ल, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, रीडिंग 12.4. ती थांबत नाही. 0.124 मोलर, बरोबर. तीव्रता गुणिले आकारमान हे सूत्र तिला नीट वापरता येतं. हा पुरावा तिच्या बाजूचा.

08:50 ला परीक्षक पुन्हा त्याच जागी येतात, बहुधा मुद्दाम. "शंकुपात्रात 20 मिलीलीटर पाणी घातलं, तर सोडियम हायड्रॉक्साइड जास्त लागेल की कमी?"

"कमी, सर."

(दृश्य: 06:05, 07:30 आणि 08:50 या तीन खुणा एका रेषेवर.)

दोन स्वतंत्र जागी तीच चूक आली. आता लिहिता येतं, आणि नेमकेपणाने लिहिता येतं. 'टायट्रेशनची संकल्पना कच्ची' हे वाक्य कामाचं नाही. त्याने ती बिचारी पुस्तकाचं अख्खं प्रकरण पुन्हा पाठ करील. 'तीव्रता आणि पदार्थाचं प्रमाण यांत गोंधळ. सूत्र वापरता येतं, पण त्यातला गुणाकार म्हणजेच आम्लाचे मोल, हे लक्षात येत नाही. पुरावा 06:05 आणि 08:50, विरोधी पुरावा 07:30' हे कामाचं. यात ब्यूरेटच्या उत्तराकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. तिथे कारण बरोबर होतं, पण कदाचित 'पाणी राहिलं की रीडिंग बिघडतं' एवढाच नियम तिने दोन्ही भांड्यांना लावला. हे अनुमान आहे. ते लिहायचं असेल, तर अनुमान म्हणूनच लिहावं, पुराव्याच्या ओळीत मिसळू नये.

मसुदा झाला की तो परीक्षकाला दाखवावा. ध्वनिफितीत हातवारे नसतात. एखाद्या प्रश्नावर तिने काही न बोलता ब्यूरेटवरच्या खुणेकडे बोट दाखवलं असेल, तर आपल्याकडे फक्त शांतता आलेली असते. ती दुरुस्ती परीक्षकच करू शकतो. मात्र 'ती हुशार आहे, तिला येतं' अशी दुरुस्ती आली, तर ती पानावर चढवायची नाही. त्यासाठी वेळ मागायची.

(दृश्य: तयार पान. ओळी एकेक करून उमटतात.)

विद्यार्थिनीच्या हाती जाणाऱ्या पानावर नाव नाही, फक्त क्रमांक आहे. दर्शकाची निवड: आपणहून अर्धं, दिशा मिळाल्यावर चांगलं, सामूचं कारण तपासलं नाही. प्रमाण द्रावण: संधी मिळाली नाही. ब्यूरेट: पूर्ण, आपणहून. गणित: पूर्ण, आपणहून. शंकुपात्र आणि पाणी: दोनदा चूक, आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली गेली नाही. या शेवटच्या ओळीशेजारी पुढच्या वेळी विचारायचा प्रश्न लिहिला आहे: 'पाणी घालण्याआधी शंकुपात्रात आम्लाचे किती मोल होते, आणि पाणी घातल्यावर किती?'