पाच सेकंदांत बसणारं नाव

(कबड्डी लीगआधी संघनायक आणि व्यवस्थापकांच्या बैठकीत झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

राजेहो, मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे संघांची नावं. आठ संघांचे कागद कालच माझ्या हाती आले. त्यांतल्या पाचांवर वाघ आहे. नागपुरात ते होणारच. एका बाजूला पेंच, दुसरीकडे उमरेड-कऱ्हांडला, थोडं पुढे ताडोबा. आपल्याकडे ताकद म्हटली की डोळ्यांपुढे वाघच येतो. पण पाच संघांचे समर्थक एकाच मैदानात "वाघ, वाघ" ओरडायला लागले, तर टाळ्या कोणासाठी वाजताहेत हे खेळाडूला कसं कळायचं?

आणखी एक अडचण आहे, ती कानाची. मराठीत आपण "वाघ" असं लिहितो आणि बोलताना तो घ् वर संपवतो. जीभ मागे टाळूला टेकते, आवाज तिथंच थांबतो. हजार माणसं ओरडली तरी शेवट बोथट येतो. आता गणपती आठवा. "मोरया" म्हणताना शेवटचा आ कितीही ताणता येतो, म्हणून तो रस्ताभर घुमतो. "जय भवानी, जय शिवाजी" ईवर संपतं, तेही तसंच. आपल्या खेळाचं नावच बघा ना. क, बड्, डी. आधी एक छोटा ठोका, मग ड्डचा दाब, शेवटी ताणता येणारी ई. आमच्या आजोबांच्या वेळचं हुतुतू घ्या, तेही ऊवर संपतं. ज्यांनी हे शब्द दमासाठी निवडले, त्यांना घशाची फार चांगली जाण होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. विदर्भाचा या खेळाशी संबंध इतका जुना आहे, म्हणून आपल्या संघांची नावं विचार करून ठेवावीत असं मला वाटतं.

मी हे इतकं का लावून धरतो, ते सांगतो. बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका मोहल्ल्याच्या संघाबरोबर होतो. आश्रयदात्यांनी नाव ठरवलं, "रणशार्दूल". अर्थ उत्तम, रणातला वाघ. जर्सीवर झोकात दिसलं, फलकावरही. अंतिम सामना आला. मैदान भरलेलं, दिव्यांभोवती किडे, पोरं भिंतीवर चढलेली. आमचा चढाईपटू दोन गडी मारून परत आला आणि लोकांनी गजर सुरू केला. पहिल्यांदा "रणशार्दूल" नीट आलं. दुसऱ्यांदा रण गळलं. तिसऱ्यांदा भिंतीवरच्या पोरांच्या तोंडी "शारदा, शारदा" सुरू झालं! शेवटचा ल् कोणालाच ऐकू जात नव्हता, आणि जोडाक्षर घाईत जिभेवर ठरत नव्हतं. आमचे सात गडी मैदानात, छाती काढून, आणि बाहेर शारदेचा जप. समोरच्या संघाचं नाव होतं "ढाण्या". दोन ठोके, शेवटी आ. ते ओरडले की आमच्या बाकांपर्यंत हादरा यायचा. आम्ही हरलो. नावामुळे हरलो असं मी म्हणणार नाही, आमची पकड त्या दिवशी ढिली होती. पण पकडीच्या क्षणी मागून जो आवाज यायला हवा, तो आम्हाला मिळाला नाही, आणि त्या पोरांची चूक नव्हती. चूक नाव ठरवणाऱ्यांची होती. त्यांनी ते कागदावर वाचलं होतं, ओरडून पाहिलं नव्हतं.

"ढाण्या"बद्दलही एक गोष्ट सांगतो. नागपुरात आपल्यातले कितीतरी लोक ण चा न करतात. ते "ढान्या" म्हणायचे आणि तरी काही बिघडायचं नाही. पण ळ चं तसं नाही. वऱ्हाडी जिभेवर डोळ्याचा डोया होतो, हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी ळ चा ल होतो. तेव्हा "काळ" किंवा "ज्वाळा" घेतलंत, तर तीन बाजूंनी तीन वेगळे आवाज येतील आणि गजर फाटेल. आपल्या बाकांवर महालातला, कामठीतला आणि नुकताच बाहेरून आलेला माणूस शेजारी बसतो. तिघांच्या तोंडून एकच शब्द निघायला हवा.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं. बरं, मुद्द्यावर येतो.

गजराला जागा किती असते? चढाई तीस सेकंदांची. त्या वेळात चढाईपटूचा दम पंचाला ऐकू यायला हवा, तेव्हा आपलाच आवाज त्याच्यावर चढवणं म्हणजे आपल्याच गड्याचं नुकसान. चढाई संपली की पुढच्याने पाच सेकंदांत निघायचं असतं. ती पाच सेकंदं आपली, आणि पकड झाल्यावरचा आनंद आपला. पाच सेकंदांत दोन ठोक्यांचं नाव टाळीसकट चारदा बसतं. "रणशार्दूल" जेमतेम दोनदा.

एक नाव करून दाखवतो. एक संघ वाघ सोडायला तयार होता, मी त्यांना "गवा" सुचवला. ताडोबात, पेंचमध्ये आहे तो. मोठा नर टनाच्या आसपास भरतो, पूर्ण वाढलेल्या गव्याच्या वाटेला वाघही सहजासहजी जात नाही. ग ने सुरुवात ठोस, आ ने शेवट उघडा, जोडाक्षर नाही, ळ नाही, हिंदीवाल्यालाही सोपा. मैदानाच्या टोकाला, तीस पावलांवर एकाला उभं केलं, इकडून पाच जणांनी एकदाच ओरडलं, त्याला पहिल्याच फटक्यात कळलं.

मग शेवटची कसोटी, विरोधकांची. तिथं गवा अडकला, कारण एक पोरगा लगेच म्हणाला, "गवा, गवा, निघाली हवा!" ही यमकं लोक मैदानात क्षणात जुळवतात, ती आधी घरात शोधायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात त्या मारबतीचं नाव सुचलं होतं एकाला, ते याच कारणाने सोडलं. "घेऊन जा गे मारबत" ही ओळ सगळ्या नागपूरला पाठ आहे, समोरचे तेच म्हणतील. गव्याला मात्र आम्ही उपाय शोधला. हवा म्हणजे वारा, तसं हवा म्हणजे पाहिजे. आपणच आधी यमक धरायचं. एकाने विचारायचं, "कोण हवा?" बाकीच्यांनी म्हणायचं, "गवा!" मग समोरच्यांना ते फिरवायला जागा उरत नाही, आणि प्रश्नोत्तराने पाच सेकंदं भरून निघतात.

बाकी संघांनी तीच तीन कामं रविवारपर्यंत करावीत: तीस पावलांवरून ओरडणं, हिंदी बोलणाऱ्या मुलाकडून म्हणवून घेणं, आणि शेजारच्या संघाच्या पोरांना यमक जुळवायला सांगणं. वाघ हवाच असेल तर एकाच संघाने घ्या, "ढाण्या" म्हणून. कोणी घ्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा.

वेळ संपली. मागच्या रांगेतल्यांनी उठा बरं, भिंतीपाशी जा. मी विचारतो, तुम्ही सांगा. कोण हवा?