ई. कोलाय सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

(तालुका पातळीवर जलसुरक्षक आणि ग्रामपंचायत सदस्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पाण्याचा अहवाल 'पिण्यास अयोग्य' आला की गावातून पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'साहेब, या ई. कोलायने होतं काय?' माझं उत्तर ऐकून लोक चक्रावतात. बहुतेक वेळा काहीच होत नाही. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या आतड्यात आत्ता हा जिवाणू आहे. थिओडोर एशेरिश या डॉक्टरने 1885 साली त्याचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला म्हणून. त्याच्या काही जाती घातक आहेत, पण तुमच्या विहिरीच्या अहवालात त्याचं नाव येतं ते त्या कारणाने नाही.

मग कशासाठी? तो कुठून आला यासाठी. आतड्यात राहणारा जिवाणू विहिरीत दिसला, तर शी विहिरीपर्यंत पोचली. आणि ज्या वाटेने ती पोचली, त्याच वाटेने टायफॉइड, कॉलरा आणि कावीळही येऊ शकते.

'मग थेट टायफॉइडचाच जंतू का शोधत नाही?' कारण तो फक्त आजारी माणसाच्या किंवा वाहकाच्या शीत असतो. गावात आज टायफॉइड नसेल, तर कितीही घाण विहिरीत जात असली तरी तो सापडणार नाही. उद्या एक पाहुणा आला की संपलं. आपल्याला साथ सुरू व्हायच्या आधी कळायला हवं. ई. कोलाय निरोग्यांच्या शीतही असतो, रोज असतो आणि भरपूर असतो.

भरपूर म्हणजे किती? एक ग्रॅम शीत साधारण एक कोटी ते शंभर कोटी. आपण कमीतला कमी आकडा घेऊ, एक कोटी. तुमची विहीर दहा हजार लिटरची धरा, म्हणजे एक कोटी मिलिलीटर. एक ग्रॅम शी तिच्यात पडून नीट मिसळली तर दर मिलिलीटरला एक जिवाणू येतो, 100 मिलिलीटरला शंभर. चिमूटभर घाण आणि तरी हाती लागते. म्हणून भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की 100 मिलिलीटर पिण्याच्या पाण्यात तो सापडताच कामा नये.

आता कोणी म्हणेल, शीत याहून जास्त संख्येने दुसरे जिवाणू असतात, त्यांना साक्षीदार का नाही केलं? असतात खरे. आतड्यातल्या जिवाणूंत ई. कोलाय एक टक्काही नसतो. पण बाकीच्यांतल्या बहुतेकांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, त्यांना वाढवणं कटकटीचं काम. ई. कोलाय मात्र साध्या पोषक द्रवात एका दिवसात वाढतो. साक्षीदार कसा हवा? शीत नेहमी असणारा, इतरत्र सहसा नसणारा, रोगजंतूंइतका तरी पाण्यात टिकणारा, पण पाण्यात पोरंबाळं न वाढवणारा. आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेलाही परवडणारा.

'इतरत्र नसणारा' यावर थोडं थांबतो, कारण अहवाल वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कोलिफॉर्म हे जिवाणूंचं एक मोठं कुटुंब आहे, ई. कोलाय त्यातलाच एक. त्यातले बरेच जण मातीत, पालापाचोळ्यात सुखाने राहतात. पावसाळ्यात उघड्या विहिरीत नुसते कोलिफॉर्म दिसले तर ते शीचेच असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही नमुना आणि पोषक द्रव घातलेल्या नळ्या 44 अंशांच्या गरम पाण्यात ठेवतो. अंगाच्या उबेत वाढलेल्याला ते चालतं, मातीतल्या बहुतेकांना नाही. त्यातूनही काही निसटतात, म्हणून पुढे एक रसायन घालून लाल कडी उमटते का ते बघतो. ती उमटली की मगच ई. कोलाय.

आता एका विहिरीची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. नमुना आला, ई. कोलाय शून्य. पण गावात जुलाबाचे रुग्ण वाढत होते. मी विचारलं, नमुना कसा घेतला? सकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं, तासाभराने घरची धुतलेली बाटली भरली आणि एसटीने पाठवली. प्रवास पाच तासांचा. त्या पाच तासांत बाटलीतलं क्लोरीन आपलं काम करत राहिलं! आमच्याकडे बाटली वाफेवर निर्जंतुक होऊन येते आणि तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. पाणी भरताक्षणी ते क्लोरीन निष्प्रभ करतं, म्हणजे विहिरीत होतं तेच आमच्यापर्यंत येतं. पुढच्या आठवड्यात टीसीएल टाकण्याआधी, आमच्या बाटलीत, बर्फाच्या डब्यातून नमुना आणला. आम्ही पाणी मोठ्या, मधल्या आणि छोट्या अशा तीन मापांनी पाच-पाच नळ्यांत घालतो आणि जिवाणू वाढून कोणत्या नळ्या बदलतात ते बघतो. या पंधरा नळ्यांपैकी मोठ्या मापाच्या पाचही बदलल्या, मधल्या तीन, छोट्या मापाची एकही नाही. तक्त्यात बघितलं तर 100 मिलिलीटरला 79. हा मोजलेला आकडा नव्हे, अंदाज आहे. खरा आकडा निम्मा असेल किंवा दुप्पटही. पण शून्य नक्कीच नाही. जागेवर गेलो तेव्हा कठड्याला भेग होती आणि धुण्याचं पाणी तिथून परत आत झिरपत होतं. त्या धुण्यात लहान मुलांचे लंगोटही असत.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे काळी पडणारी एचटूएस बाटली आहे. चांगली आहे, पण ती ई. कोलाय शोधत नाही. हायड्रोजन सल्फाइड बनवणारे जिवाणू शोधते, आणि ई. कोलाय बहुधा ते बनवत नाही. ते बनवणारे इतर जिवाणू शीबरोबर येतात, पण काही मातीतही असतात. खोल बोअरच्या पाण्यात आधीच सल्फाइड असेल तर बाटली उगाच काळी होते. ती काळी झाली तर ती हाक समजा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

साक्षीदार खोटं बोलतो का? गप्प बसतो, हे जास्त धोक्याचं. 1993 च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक जुलाबाने आजारी पडले. नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यात कोलिफॉर्म सापडले नव्हते. दोषी होता क्रिप्टोस्पोरिडियम, कवचात बंद राहणारा परजीवी. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन ई. कोलायला काही मिनिटांत संपवतं. क्रिप्टोस्पोरिडियमला तेवढ्याच क्लोरीनमध्ये दहा दिवस लागतात. साक्षीदार आरोपीच्या आधी मेला! त्याला अडवायचं काम गाळणीचं, आणि तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्रात त्या दिवसांत पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. तेवढी एक खूण दिसत होती. म्हणून क्लोरीन घातलेल्या पाण्याचा अहवाल आला की मी ई. कोलायच्या रकान्याशेजारीच गढूळपणाचा रकाना बघतो.

उलट बाजूही आहे. हवाई बेटांवरच्या उष्ण, ओल्या मातीत ई. कोलाय स्वतःच तग धरून राहतो, वाढतो, असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून उष्ण प्रदेशात ओढ्याच्या पाण्यातल्या मोठ्या आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात मात्र ही सबब चालत नाही.

(श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं : शी माणसाची की म्हशीची, हे अहवालातून कळतं का?)

नाही कळत, ताई. म्हैस, कुत्रा, कावळा, सगळ्यांच्या आतड्यात तो असतो. प्रयोगशाळा सांगते की वाट उघडी आहे. ती कुठून उघडी आहे हे विहिरीभोवती फिरल्यावर कळतं : गोठा किती लांब, शोषखड्डा वरच्या अंगाला आहे का, कठडा फुटलाय का, बादली कुठे ठेवतात. आता तुमच्या गावच्या विहिरीचं सांगा, पाऊस पडल्यावर तिचं पाणी किती वेळात वर येतं?