फोटोची पाळेमुळे शोधताना

उपस्थित सर्वांना नमस्कार. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने काही काळापूर्वी माझ्याकडे दोन फोटो पाठवले होते. एका विवाहविषयक संकेतस्थळावर त्यांच्या मुलीला एक स्थळ आले होते आणि स्वतःला परदेशी जहाजावरील अभियंता म्हणवणारे ते गृहस्थ महिनाभर तिच्याशी लिहून संवाद साधत होते, परंतु व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की समुद्रावर नेटवर्क नसल्याचे सांगत. घरच्यांनी त्यांचा फोटो गूगल लेन्सला दिला होता, आणि उत्तरादाखल कोट घातलेल्या पन्नासेक अनोळखी पुरुषांचे फोटो आले होते. ‘तो कुठेच सापडत नाही, म्हणजे माणूस खरा असावा,’ असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. या शोधात सर्वाधिक फसगत याच निष्कर्षाने होते, म्हणून आज मी त्याच फोटोंच्या आधारे बोलणार आहे.

फोटोवरून शोध घेणारी साधने एकच काम करत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागते. कॅनडातील टिनआय हे साधन २००८ साली सुरू झाले. ते दिलेल्या फोटोचा एक प्रकारचा ठसा तयार करते आणि तो आपल्या साठ्यातील ठशांशी ताडून पाहते. त्यामुळे तोच फोटो आकाराने लहान केलेला, रंग बदललेला किंवा कडेने थोडा कापलेला असला, तरी बहुधा सापडतो; मात्र त्याच व्यक्तीचा दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो त्याला ओळखता येत नाही, कारण चेहरा ओळखणे हे त्याचे कामच नाही. गूगल लेन्स प्रामुख्याने फोटोत काय दिसते ते पाहते आणि तसेच दिसणारे इतर फोटो समोर ठेवते. निळा कोट, चष्मा आणि मागे खिडकी असेल, तर निळे कोट, चष्मे आणि खिडक्या यांची रांग लागते. लेन्सच्या निकालांमध्ये Exact matches असा वेगळा विभाग असतो. आपल्या कामाचा विभाग तोच, आणि त्या कुटुंबाने तो उघडलाच नव्हता. अर्थात, तो उघडल्यावरही त्यात काही निघाले नाही.

तेव्हा फोटो सावकाश पाहिला. आमच्याकडे आलेला फोटो म्हणजे मोबाइलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट होता, म्हणजे वर घड्याळ आणि बॅटरीची पट्टी, खाली संकेतस्थळाची बटणे. हा सगळा भाग शोधाच्या दृष्टीने कचरा असतो, म्हणून तो कापून फक्त फोटो शिल्लक ठेवला. त्यानंतर दुसऱ्या फोटोत एक गोष्ट खटकली. त्या गृहस्थांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या उजव्या छातीवर होता. पुरुषांच्या शर्टाला एकच खिसा असेल तर तो साधारणपणे डाव्या बाजूला असतो. गुंड्यांची पट्टीही उलट्या बाजूची दिसत होती. फोटो आरशातल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरवलेला आहे, हे त्यावरून कळले. असा फोटो डोळ्यांना तोच वाटतो, परंतु ठसा ताडणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो निराळा ठरू शकतो, आणि फोटो उचलणाऱ्यांना हे ठाऊक असते. मोबाइलमधील फोटो संपादनाच्या सोयीने तो पुन्हा उलटवला आणि tineye.com वर दिला, तेव्हा चार निकाल आले. त्यांतील सर्वांत जुना निकाल एका वेगळ्याच देशातील दंतवैद्यांच्या परिषदेच्या पानाचा होता.

इथेही थांबता येत नाही. मिळालेला फोटो खरोखर तोच आहे की त्या माणसासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याचा, हे ताडून पाहावे लागते, कारण साम्यावरून एखाद्या निरपराध माणसावर आळ येऊ शकतो. त्यासाठी मी चेहरा शेवटी पाहतो. आधी बाहीवरच्या चुण्या, चष्म्याच्या काचेवर पडलेली दिव्याची तिरीप, मागे अर्धवट दिसणाऱ्या माणसाचा हात, अशा गोष्टी पाहतो. दोन वेगळ्या क्षणी काढलेल्या फोटोंत या साऱ्या तंतोतंत जुळत नाहीत. परिषदेच्या पानावरील फोटोत हे सगळे जुळत होतेच, शिवाय तो चौकटीने रुंद होता आणि त्यात व्यासपीठावरचा फलकही दिसत होता. प्रोफाइलवर मात्र त्याचा मधला तुकडा तेवढा लावला होता. कापलेल्या तुकड्यातून मूळ फोटो परत मिळत नाही, म्हणून अधिक रुंद आणि अधिक मोठी प्रत सहसा उगमाच्या जवळची असते. टिनआयमध्ये निकाल Biggest Image या क्रमाने लावता येतात, ते यासाठीच.

Oldest हा क्रमही उपयोगी आहे, परंतु त्यातली तारीख नीट समजून घ्यावी. ती फोटो काढल्याची तारीख नसते; टिनआयच्या यंत्रणेला तो फोटो प्रथम कधी आढळला, तेवढेच ती सांगते. मूळ फोटो त्याहूनही जुना असू शकतो. आमच्या बाबतीत ही तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती, आणि प्रोफाइलवरील गृहस्थांनी हा फोटो ‘गेल्या महिन्यातला’ असल्याचे लिहून कळवले होते. स्थळ तिथेच मोडले. ज्यांचा फोटो वापरला गेला ते दंतवैद्यही फसवले गेलेलेच होते, त्यामुळे त्यांचे नाव आम्ही कुठेही पसरवले नाही. संकेतस्थळाकडे तक्रार करताना फक्त त्या पानाचा दुवा जोडला.

फोटो तपासून काहीच न सापडल्यास काय समजावे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ही साधने जे पान उघडपणे पाहू शकतात तेवढेच त्यांच्या साठ्यात येते. खासगी इन्स्टाग्राम खात्यातून किंवा व्हॉट्सॲपच्या गटातून उचललेला फोटो त्यांना माहीतच नसतो. शिवाय अस्तित्वात नसलेल्या माणसांचे चेहरे संगणकाने घडवणारे संकेतस्थळ २०१९ मध्येच सर्वांसाठी खुले झाले होते. अशा चेहऱ्याची मूळ प्रत कुठे नसतेच, मग ती सापडणार कशी? म्हणून शोध रिकामा गेला, तर व्हिडिओ कॉलचा आग्रह पूर्वीइतकाच धरावा.

वस्तूंच्या फोटोंच्या बाबतीत मात्र जुळणीचा अर्थ पालटतो. मिक्सरचा एकच फोटो शंभर दुकानांच्या पानांवर असेल तर त्यात गैर काही नाही. कंपनी तो फोटो विक्रेत्यांना स्वतःच देते. वस्तू एकमेव असल्याचा दावा असेल तेव्हाच जुळणी संशयास्पद ठरते. एका विक्रेत्याने ‘येवल्यात आमच्याच मागावर विणलेली, एकच नग’ म्हणून पैठणीचा फोटो लावला होता. तो लेन्सला दिला असता, भलत्याच दुकानाच्या पानावर तीच साडी, त्याच घडीत, त्याच लाकडी पाटावर दिसली. तिथल्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचे नाव होते आणि विक्रेत्याच्या फोटोत नेमका तेवढाच कोपरा कापलेला होता. तरीही तो विक्रेता त्या दुकानाचाच माल विकत असण्याची शक्यता उरत होती, म्हणून घेणाऱ्या बाईंनी त्याला सरळ लिहिले की, पदराच्या उलट बाजूचा फोटो पाठवा आणि शेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही सुलट दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत, त्यामुळे एकाच फोटोत साडी त्याच्याजवळ आहे का आणि ती हातमागाची आहे का, या दोन्ही गोष्टी कळल्या असत्या. त्याने साडीचे आणखी तीन सुंदर फोटो पाठवले. तिन्ही फोटो त्याच दुकानाच्या पानावर मिळाले, आणि बाईंनी पैसे पाठवले नाहीत.