टॉवेल मऊ झाला, पण पाणी टिपेना

नमस्कार श्रोतेहो. कपडे धुताना शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालावा की नाही, असं बरेच जण विचारतात. टॉवेल आणि खेळाचे कपडे असतील, तर माझं उत्तर सरळ आहे: घालू नका.

सॉफ्टनर काही धूत नाही. त्यातल्या रेणूंचं एक टोक धनभारित असतं आणि त्याला चरबीसारखी लांब शेपटी असते. पाण्यात सुती धाग्यावर किंचित ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित टोक धाग्याला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. धाग्यावर तेलकट थर बसतो, धागे एकमेकांवरून घसरतात आणि आपल्या हाताला कापड मऊ लागतं.

टॉवेलचं काम मात्र पाणी ओढण्याचं. त्याच्यावर सुताची बारीक वेटोळी असतात, ती त्यासाठीच. त्यांच्यावर हा थर चढला की पाणी आत शिरायला वेळ लागतो. घरीच बघा: कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा. तो लगेच जिरला तर टॉवेल ठीक आहे. मोत्यासारखा वर बसून राहिला, तर थर साचलाय.

असे टॉवेल पुन्हा कामाला लावता येतात. मशीन अर्धंच भरा. लेबलवर चालत असेल तर ६० अंशांचं पाणी घ्या, नेहमीची पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला, आणि खळबळण्याची एक फेरी वाढवा. रंगीत टॉवेल पहिल्यांदा वेगळे धुवा. एका धुण्यात सगळा थर निघेलच असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं. दर वेळी थेंबाची परीक्षा घ्या.

मग वाळल्यावर टॉवेल कडक होतो, त्याचं काय? साबण कमी घाला, नीट खळबळून काढा आणि दोरीवर टाकण्याआधी जोरात झटका. वाळल्यावर पुन्हा झटकून हाताने चोळा. एवढ्याने बराच फरक पडतो.

खेळाच्या टी-शर्टचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पॉलिस्टर स्वतः पाणी शोषत नाही. धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि तिथे पसरून वाळतो. सॉफ्टनरचा थर ही वाटच अडवतो. शिवाय अंगाचं तेल त्यात अडकतं, जिवाणूंचं फावतं, आणि धुतलेला शर्टही घातल्यावर थोड्याच वेळात वास मारू लागतो. त्यावर सुगंधी सॉफ्टनर आणखी ओतला, की थर आणखी वाढतो! असे कपडे उलटे करून लेबलवर सांगितलेल्या तापमानात, थोड्या डिटर्जंटने धुवा.

सॉफ्टनर वापरायचाच, तर चटचट ठिणग्या उडणाऱ्या अ‍ॅक्रिलिक स्वेटरला वापरा. आणि त्यानंतर मशीनचा तो कप्पा काढून गरम पाण्याने धुवा, नाहीतर त्यात उरलेला सॉफ्टनर पुढच्या धुण्यात टॉवेलवर येतो.