पैसे कापले गेले, तरी ॲप बंद का?

(नाशिकमध्ये मोबाइल ॲप बनवणाऱ्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नोव्हेंबरातली सकाळ होती. आदल्या रात्री निफाड-पिंपळगाव पट्ट्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. आमचं ॲप द्राक्ष बागायतदारांसाठी आहे. पाऊस, पानांवरचा ओलावा आणि छाटणीनंतरचे दिवस यांचा हिशेब लावून ते डाऊनी या रोगाचा धोका किती आहे ते सांगतं. अशा सकाळी बागायतदार ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून थांबलेला असतो, फवारणी आज घ्यायची की उद्या एवढंच त्याला ठरवायचं असतं. पावणेदहाला पिंपळगावच्या एका काकांचा फोन आला. "भाऊ, पैसे तर कापले गेले, मेसेजही आला. मघाशी ॲप चालू झालं होतं, आता पुन्हा म्हणतंय की वर्गणी भरा." पाठोपाठ त्यांनी बँकेच्या मेसेजचा आणि प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. प्ले स्टोअर म्हणत होतं वर्गणी चालू आहे, आणि पुढची तारीखही दाखवत होतं. आमचा डेटाबेस म्हणत होता वर्गणी थांबलेली आहे.

त्या सकाळी त्यांना मी हाताने ॲप उघडून दिलं. पण ‘मघाशी चालू झालं होतं’ हे त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. पैसे मिळाल्याचा प्लेचा निरोप आमच्या सर्व्हरला आलाच नसता तर ॲप आधीपासून बंदच राहिलं असतं. इथे ते उघडून परत बंद झालं होतं. आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

आधी व्यवस्था थोडक्यात सांगतो. वर्गणी गूगल प्लेमधून भरली जाते, पैसेही तेच घेतात. नूतनीकरण झालं, पैसे निघाले नाहीत, ग्राहकाने वर्गणी रद्द केली, असं काहीही घडलं की प्ले पब-सब या टपालसेवेतून आपल्या सर्व्हरला निरोप धाडतं. त्या निरोपात मजकूर फारसा नसतो. कोणत्या ॲपबद्दल आहे, घटना कधी घडली ते `eventTimeMillis` मध्ये, घटनेचा प्रकार `notificationType` या आकड्यात, आणि कोणत्या खरेदीबद्दल ते `purchaseToken` मध्ये. प्रकार 5 म्हणजे पैसे न मिळाल्यामुळे वर्गणी थांबवली, प्रकार 1 म्हणजे थांबलेली वर्गणी पैसे भरल्याने पुन्हा सुरू झाली. आमचा कोड हा आकडा वाचायचा आणि तीच स्थिती डेटाबेसमध्ये लिहायचा. वाचायला सरळ वाटतं, बहुतेकांचा पहिला कोड असाच असतो.

काकांच्या बाबतीत घडलं ते असं. खात्यात रक्कम नव्हती, म्हणून ऑटोपेचा हप्ता अडकला होता. सवलतीचे दिवस संपले आणि पहाटे सहा वाजून बारा मिनिटांनी प्लेने वर्गणी थांबवल्याचा निरोप पाठवला. त्याच सुमारास आमच्या सर्व्हरची डिस्क लॉग फाइलींनी भरली होती. सर्व्हर कोणालाच धड उत्तर देत नव्हता. काकांनी नऊच्या सुमारास खात्यात पैसे टाकले, प्ले स्टोअरमध्ये जाऊन हप्ता भरला, आणि पुन्हा सुरू झाल्याचा निरोप निघाला. तोही पब-सबपाशी अडकला. साडेनऊला आम्ही डिस्क मोकळी केली आणि साचलेले निरोप धडाधड आत येऊ लागले. लॉगमध्ये त्यांच्या टोकनच्या दोन ओळी अशा होत्या:

```
09:31:07  type=1  event=09:05:44  -> active
09:34:52  type=5  event=06:12:18  -> on_hold
```

नऊचा निरोप आधी पोचला, सहाचा नंतर. कोडने दोन्ही इमानेइतबारे लिहून ठेवले. तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंद काकांचं ॲप चालू होतं, तेवढ्यात त्यांनी ते उघडलं असणार. पुढचा निरोप यायचा तो महिन्याने, पुढच्या हप्त्याला. म्हणजे त्यांनी फोन केला नसता तर पैसे भरूनही महिनाभर ते बाहेरच राहिले असते.

यात पब-सबचा काही दोष नाही. निरोप किमान एकदा पोचेल एवढंच ते सांगतं. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो, आणि तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय क्रमाची हमी नसते. पोच न मिळालेला निरोप ते ठरावीक मुदतीपर्यंत, एरवी सात दिवस, सांभाळून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा देत राहतं. म्हणून आमचं काही हरवलं नाही, क्रम तेवढा उलटा झाला.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला: `eventTimeMillis` जपून ठेवायचं आणि जुन्या वेळेचा निरोप आला तर टाकून द्यायचा. काकांची अडचण त्याने सुटली असती. पण मग तुमची सगळी भिस्त हातात पडलेल्या निरोपांवरच राहते. मधला एखादा कोडमधल्या चुकीने गळाला, तर उरलेले कितीही नीट लावले तरी चित्र चुकतंच.

म्हणून आम्ही निरोपाला दारावरची बेल मानायला लागलो. बेल वाजली की दार उघडून बघायचं कोण आलंय. निरोपातला प्रकार बाजूला ठेवायचा, फक्त `purchaseToken` घ्यायचं, `purchases.subscriptionsv2.get` ला विचारायचं आणि उत्तरात येणारी `subscriptionState` आणि `expiryTime` लिहायची. आता सहाचा शिळा निरोप साडेनऊला आला तरी काय होतं? आपण प्लेला विचारतो, ते सांगतं `SUBSCRIPTION_STATE_ACTIVE`, आणि तेच लिहिलं जातं. निरोप दोनदा आला, उलटा आला, तरी उत्तर तेच.

इथे एक खाच आहे, ती आम्हाला दोन महिन्यांनी कळली. दोन निरोप एकाच क्षणी आले आणि दोन वर्करनी ते घेतले. पहिल्याने प्लेला विचारलं, उत्तर घेतलं आणि नेमका तिथेच अडकला. तेवढ्यात स्थिती बदलली. दुसऱ्याने विचारलं, नवं उत्तर लिहिलं. मग पहिला जागा झाला आणि त्याने आपलं शिळं उत्तर त्यावर लिहिलं. पुन्हा तोच घोळ, फक्त आता आपल्याच घरात. त्यामुळे कुलूप विचारण्याआधी लावायचं, लिहिताना नाही:

```sql
BEGIN;
SELECT 1 FROM play_subs
 WHERE purchase_token = $1 FOR UPDATE;
-- आता प्लेला विचारा, मग UPDATE, मग COMMIT
```

नेटवर्कला विचारताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नये असं आपण शिकलेलो असतो, आणि ते बरोबरच आहे. इथे मात्र कुलूप एकाच टोकनच्या ओळीवर आहे, त्यामुळे खोळंबतो तो त्याच खरेदीचा दुसरा निरोप. आम्ही विचारणीला पाच सेकंदांची मुदत घातली आहे. ती उलटली तर ट्रान्झॅक्शन मागे घेतो आणि पोच देत नाही, म्हणजे पब-सब निरोप पुन्हा आणून देतं. टोकन पहिल्यांदाच आलं असेल तर ओळच नसते आणि कुलूप कशालाच लागत नाही, म्हणून आधी रिकामी ओळ घालून घ्यायची.

आता एवढं करूनही माणूस बाहेर राहू शकतो, तो प्रकार सांगतो. दिंडोरीच्या एका ताईंनी मासिक योजना बदलून वार्षिक घेतली. प्लेमध्ये योजना बदलली की नवं टोकन मिळतं आणि जुन्याची वर्गणी संपते. नव्याच्या माहितीत `linkedPurchaseToken` म्हणून जुन्याचा उल्लेख असतो. आमच्याकडे नव्या टोकनची नोंद झाली, ताईंचं खातं चालू झालं. मग जुन्या टोकनबद्दल निरोप आला. आम्ही शहाण्यासारखं प्लेला विचारलं, प्लेने खरं सांगितलं की ही वर्गणी संपली, आणि आम्ही ताईंच्या खात्यावर ‘संपली’ लिहिलं. निरोप ताजा, उत्तर खरं, तरी निकाल चुकीचा. कारण स्थिती टोकनची होती आणि आम्ही ती माणसाच्या ओळीत लिहीत होतो.

त्यानंतर आम्ही वापरकर्त्याच्या टेबलातला ‘चालू-बंद’ हा रकानाच काढून टाकला. प्रत्येक टोकनची स्वतंत्र ओळ, आणि ॲपने विचारलं की त्या माणसाच्या सगळ्या टोकनपैकी एखादं तरी आत्ता हक्क देतं का ते पाहायचं. हक्क म्हणजे काय, हेही एकाच ठिकाणी लिहून ठेवलं. `SUBSCRIPTION_STATE_CANCELED` असेल पण `expiryTime` पुढची असेल, तर ॲप चालूच ठेवायचं. माणसाने पुढचं नूतनीकरण थांबवलंय, भरलेला महिना त्याचाच आहे. रद्द शब्द दिसला की लगेच दार लावणारी ॲप मी पाहिली आहेत, आणि ते ग्राहकाचे पैसे बुडवणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आयफोनकडे थोडक्यात वळतो. ॲपलच्या निरोपात खरेदीची सही केलेली माहितीच असते, त्यामुळे तीच लिहून मोकळं होण्याचा मोह जास्त. पण तुमच्या सर्व्हरने चूक कळवली तर ॲपल निरोप पुन्हा पाठवतं ते 1, 12, 24, 48 आणि 72 तासांच्या अंतराने. म्हणजे सोमवारी अडलेला निरोप गुरुवारीही येऊ शकतो आणि मधले सगळे त्याच्या आधी पोचलेले असतात. तिथेही `originalTransactionId` घेऊन सबस्क्रिप्शनची सद्यस्थिती विचारायची. पुन्हा आलेला निरोप ओळखायला `notificationUUID` आहे, आणि 180 दिवसांपर्यंतचे निरोप मागवून घेण्याची सोयही आहे. मोठ्या खोळंब्यानंतर तिचा फार उपयोग होतो.

बेलच वाजली नाही तर? त्यासाठी आमचं एक काम दर तासाला चालतं. ज्यांची `expiryTime` गेल्या काही तासांत उलटली पण त्यानंतर ओळ बदललेली नाही, तेवढ्यांनाच ते प्लेला विचारतं. सगळ्यांना विचारत बसलो तर विनंत्यांची मर्यादा संपते. काही फरक सापडला तर नुसता दुरुस्त करत नाही. आधी काय होतं, आता काय आहे, त्या टोकनचा शेवटचा निरोप कधी घडला आणि कधी हाताळला, हे सगळं वेगळ्या टेबलात जातं. घडण्याची आणि हाताळण्याची वेळ यांत एरवी काही सेकंदांचं अंतर असतं. ते मिनिटांवर गेलं की आमच्या फोनवर इशारा येतो. त्या पहाटे एवढी एक गोष्ट असती, तर सव्वासहालाच डिस्कचा पत्ता लागला असता.

शिवाय फोनला स्वतःला खरेदी माहीत असते. ॲप उघडताना `queryPurchasesAsync` चालतं. त्यात टोकन मिळालं आणि सर्व्हर मात्र बंद म्हणत असेल, तर ॲप वर्गणीचं पान दाखवण्याआधी ते टोकन सर्व्हरला पाठवतं, आणि सर्व्हर कुलूप लावून प्लेला विचारतो. सिग्नल बरा असेल तर हे सेकंदाभरात होतं. काकांचा फोन आला त्या दिवशी हे नव्हतं. आता आमच्या कार्यालयात फोन घेणाऱ्या ताईंच्या पडद्यावरही ‘प्लेला विचारा’ असं बटण आहे, आणि ते दाबल्यावर आधीची आणि आताची स्थिती त्यांना शेजारी शेजारी दिसते.