नेट नक्की कुठं अडलंय?

मंडळी, सांगलीत काय आणि कुठंही काय, 'नेट गेलं' म्हणताना आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो. वाय-फाय म्हणजे राउटर ते मोबाइल एवढाच पल्ला. राउटरच्या पुढचं नेट वेगळं. म्हणून काड्या पूर्ण दिसतात, आणि तरी काहीच उघडत नाही.

विश्रामबागेत आमच्या घरी असंच झालं. सकाळी लॅपटॉपवर एक पान उघडेना, मोबाइलवर व्हॉट्सॲप मात्र सुरळीत. लॅपटॉपच बिघडला असं ठरवून मी अर्धा तास त्याच्याशी झटलो. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा डेटा चालू आहे की!" वाय-फायला नेट नसलं की बरेच मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर जातात. डेटा बंद केला, तर व्हॉट्सॲपही गप्प. दुसऱ्या उपकरणावर तपासायचं तर आधी त्याचा डेटा बंद करायचा, नाहीतर ते खोटी साक्ष देतं.

मग उलटी चाचणी. मोबाइलचा डेटा चालू, वाय-फाय बंद आणि हॉटस्पॉट सुरू. वाय-फाय आठवणीनं बंद करा, कारण काही मोबाइल हॉटस्पॉटवरून घरचंच वाय-फाय पुढं वाटतात. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला आणि पानं भराभर उघडली. तो तिथंही अडला असता, तर दोष त्याच्यातच शोधला असता. आता दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडं, एवढं कळलं. या दोघांपैकी कुठं, ते हॉटस्पॉट सांगत नाही.

राउटरवर LOS चा दिवा लाल लुकलुकत होता. म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नव्हता. कंपनीचंच गेलं म्हणून तक्रारीला फोन उचलला, पण आधी खालच्या काकूंना विचारलं. कनेक्शन त्याच कंपनीचं, आणि नेट चालू! म्हणजे अख्ख्या भागाचं गेलं नव्हतं, आमच्याच वायरीत काहीतरी होतं.

आदल्या संध्याकाळी कपाट भिंतीला सरकवलं होतं. मागं बघितलं तर पिवळी वायर काटकोनात दुमडलेली. आत काचेचा धागा असतो. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. कपाट ओढलं, वायर सैल केली, थोड्या वेळात लाल दिवा विझला आणि PON चा हिरवा स्थिर झाला.

धागा तुटला असता तर घरी इलाज नव्हता, तो सांधायला कंपनीचाच माणूस लागतो. तेव्हा फोनवर सांगायचं, "LOS लाल आहे, दोन उपकरणांवर नेट नाही, शेजारी चालू आहे." तरीही राउटर बंद-चालू करा म्हणतील, ते करा. मागच्या बारीक भोकात मात्र पिन खुपसू नका. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं.

आमचं कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढं आहे. बायकोला ते अजून पटलेलं नाही.