परदेशी पार्टीला बोलावताय? मेलमध्ये खर्चाची ओळ अशी लिहा

नमस्कार राजेहो. हळदीच्या निर्यातीच्या कागदांवरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच मागणी सुरू आहे: "भाऊ, परदेशी पार्टीला माल पाहायला बोलावायचं आहे, इन्व्हिटेशनचा मेल कसा लिहायचा ते दाखवा." एका ताईंनी तर लिहिलं, "दोन ओळींचा तर मेल असते, त्याचा व्हिडिओ कशाला?" ताई, त्या दोन ओळींतली एक ओळ खर्चाची असते. आज तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

सोपं ते आधी उरकून घेतो. आपल्याकडे खरेदीसाठी किंवा बोलणीसाठी येणाऱ्याला ई-बिझनेस व्हिसा लागतो. टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका. अर्ज पाहुणाच करतो, indianvisaonline.gov.in या सरकारी साइटवर. तसल्याच नावाच्या दलालांच्या साइट्स पुष्कळ आहेत आणि त्या जास्तीचे पैसे उकळतात, म्हणून मेलमध्ये हा पत्ता जसाच्या तसा टाका. त्याला दोन कागद अपलोड करावे लागतात, स्वतःचं बिझनेस कार्ड आणि तुमचं निमंत्रणपत्र. फॉर्ममध्ये तुमच्या कंपनीचं नाव, पत्ता, फोनही भरावा लागतो, तेव्हा ते मेलच्या शेवटी नीट लिहा. काही देशांच्या लोकांना ही ई-व्हिसाची सोय नाही. त्यांना आपल्या दूतावासातून जावं लागते आणि तिथे जास्त कागद मागू शकतात.

म्हणजे मेल एक आणि त्याला जोडलेलं लेटरहेडवरचं सहीचं पत्र दुसरं. पत्राची पीडीएफ 300 केबीच्या आत ठेवा. मोबाईलनं फोटो काढून केलेली पीडीएफ दोन-तीन एमबीची होते, ती साइट घेत नाही. मग पाहुण्याचा मेल येतो आपल्या रात्री, आपण पाहतो सकाळी, आणि एक दिवस फुकट जातो.

आता उदाहरण घेऊ. समजा समुद्रपूर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, वायगाव हळदवाली. हॅम्बुर्गच्या एका मसाला आयातदाराकडून दोघं येणार, एक खरेदीवाला आणि एक क्वालिटीवाली. फेब्रुवारीत बोलावलं, कारण तेव्हा काढणी, शिजवणी, पॉलिश हे सगळं डोळ्यांनी पाहता येते. जूनमध्ये बोलावून काय दाखवणार, रिकामी कढई?

हेतूची ओळ. "व्यवसायासाठी भेट" एवढंच लिहू नका. असं लिहा: "वायगाव हळदीच्या खरेदीबाबत बोलणी, आमच्या प्रक्रिया युनिटची पाहणी आणि नमुने निवडणे." खरेदी-विक्री आणि बैठका या दोन्ही गोष्टी ई-बिझनेस व्हिसात बसतात. पण हौसेनं "आमच्या कामगारांसोबत मशीनवर काम करतील" असलं काही घालू नका. कामाचा वास आला की प्रश्न नोकरीच्या व्हिसाकडे जातो. आणि हेतूत ताडोबा घुसवू नका, बापा! मला माहीत आहे, विदर्भात आलेल्या पाहुण्याला वाघ दाखवल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही. पण पत्राच्या हेतूत फक्त धंदा.

तारखा. 08/02 असं लिहू नका. जर्मन माणूस ते आठ फेब्रुवारी वाचेल, अमेरिकन माणूस दोन ऑगस्ट. महिना अक्षरात लिहा: 8 फेब्रुवारी 2027 ते 13 फेब्रुवारी 2027. इमिग्रेशन कुठे होणार तेही लिहा. नागपूर विमानतळावर ई-व्हिसा चालतो, पण पाहुणा मुंबईला उतरून पुढे नागपूरला येत असेल तर शिक्का मुंबईतच बसणार. नावं पासपोर्टवर आहेत तशीच, म्हणून आधी पासपोर्टच्या पहिल्या पानाची कॉपी मागून घ्या. ते करताना मुदतही पाहा, येण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक लागते.

आता या खर्चाकडे.

आपल्याकडे नव्वद टक्के मेलमध्ये मी एकच वाक्य पाहतो: "त्यांचा भारतातील सर्व खर्च आमची कंपनी करेल." छान वाटते, पाहुणचार वाटते. काहून की पाहुण्याला पैशाचं विचारणं आपल्याला जड जाते. पण "सर्व" म्हणजे काय? मुंबई ते नागपूरचं विमान भारतातलंच आहे. तेही तुमचं? पाहुणा शनिवारी जायचा तो सोमवारपर्यंत थांबला तर? तो आजारी पडला तर दवाखाना? एका जिनिंगवाल्या काकांकडे हेच झालं. पाहुणे कामाच्या दिवसांनंतर आणखी थांबले, रिसॉर्टला गेले, आणि बिल काकांच्या नावानं लावून आले. बेइमानी नव्हती हो, काकांच्या मेलमध्येच "सर्व" होतं. काकांनी गुपचूप भरलं आणि पुढच्या सौद्याच्या बोलणीत तोंड आंबट करून बसले.

म्हणून खर्चाच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी पाहिजेत: कोण देणार, कशाचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. आपल्या उदाहरणातला मसुदा स्क्रीनवर इंग्रजीत आहे, मी मराठीत वाचतो.

"हॅम्बुर्ग ते नागपूर आणि परतीचं विमानभाडं, व्हिसा फी, प्रवास व वैद्यकीय विमा, तसेच 8 आणि 12 फेब्रुवारीच्या रात्रीचं नागपुरातलं हॉटेल हा खर्च आपली हॅम्बुर्गची कंपनी करेल. 9 फेब्रुवारीच्या सकाळी नागपूरच्या हॉटेलपासून 12 फेब्रुवारीच्या संध्याकाळी परत हॉटेलपर्यंतची गाडी, 9, 10 आणि 11 फेब्रुवारीच्या रात्रींसाठी वर्ध्यात दोन खोल्या आणि या दिवसांतलं जेवण हा खर्च आमची कंपनी थेट संबंधितांना देईल. आपण निवडलेल्या प्रयोगशाळेतील तपासणी आणि नमुन्यांचं कुरिअर हा खर्चही आपल्या हॅम्बुर्गच्या कंपनीकडे. या तारखांबाहेरचा मुक्काम किंवा पर्यटन हा पाहुण्यांचा वैयक्तिक खर्च राहील."

बस. यात अपमान कुठे आहे? उलट समोरच्याच्या बाजूनं पाहा. त्याला त्याच्या कंपनीत प्रवासाची मंजुरी घ्यायची असते. त्याचा अकाउंट्सवाला विचारतो, हॉटेल कोण देते? तुमचा मेल दाखवला की काम झालं. "सर्व खर्च आमचा" असं दाखवलं तर तिथे वेगळीच कटकट. खरेदीवाल्यानं पुरवठादाराकडून किती पाहुणचार घ्यावा याचे कित्येक कंपन्यांत कडक नियम असतात, आणि मग तो बिचारा स्वतःहून लिहितो की नको, आम्हीच भरतो. म्हणजे आपला पाहुणचारही गेला आणि वर अवघडलेपण आलं.

आता हॉटेलच्या काउंटरवरून पाहा. रात्री नऊला पाहुणे वर्ध्यात पोचले, काउंटरवरचा पोरगा म्हणते कार्ड द्या. पाहुणा म्हणते कंपनी देणार. ड्रायव्हर तुम्हाला फोन लावते, तुम्ही गावात, तिथे रेंज नाही. म्हणून मसुद्यात "थेट संबंधितांना देईल" हे शब्द आहेत, आणि ते लिहिलं की हॉटेलला आगाऊ भरून बिल कंपनीच्या नावानं, जीएसटी नंबरसकट, ठरवून ठेवायचं. "तुम्ही भरा, आम्ही नंतर देऊ" हे तर लिहूच नका. परदेशात पैसे पाठवायचे म्हणजे बँकेत ए-टू फॉर्म, वर सीएकडे चकरा. एवढ्याशा टॅक्सीच्या बिलासाठी?

आणि तिसरे म्हणजे तुमचे स्वतःचे संचालक. शेतकरी कंपनीत दहा संचालक असतात आणि वार्षिक सभेत एखादे काका उठून विचारणारच: "हे जर्मनवाले कोणाच्या पैशानं जेवले?" विचारलंच पाहिजे, पैसा सभासदांचा आहे. तेव्हा संचालक मंडळात आधी हाच मसुदा वाचून घ्या, तारखेसकट मिनिट्समध्ये लिहा. मग मेल, पत्र आणि मिनिट्स तिन्हीकडे एकच खर्च दिसेल. मेलमध्ये एक आणि पत्रात दुसरं, हे तर अजिबात नको, कारण व्हिसाला पत्र जाते.

एका दादांची कमेंट आहे: "नेटवर नमुना मिळाला, त्यात पाहुण्याची संपूर्ण जबाबदारी आणि परत पाठवण्याचा खर्च आमचा असं आहे, टाकू का?" नका टाकू, जी. असले नमुने बहुतेक दुसऱ्या देशांच्या व्हिसासाठीचे असतात. आपल्या ई-बिझनेस व्हिसाला निमंत्रणपत्र लागते, हमीपत्र नाही. जे मागितलंच नाही ते सहीनिशी लिहून का द्यायचं?

मुक्कामाचं एक. मी वर्ध्याचं हॉटेल घेतलं, तालुक्यातला लॉज नाही. परदेशी पाहुणा मुक्कामी आला की ठेवणाऱ्याला 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. गावाकडच्या कित्येक लॉजवाल्यांनी त्याचं लॉगिनच काढलेलं नसते, मग ते ऐन वेळी हात वर करतात. तेव्हा पत्रात पत्ता टाकण्याआधी फोन करून विचारा. घरी ठेवणार असाल तर ही जबाबदारी तुमच्यावर येते, भाकरी-पिठलं कितीही चांगलं असो. आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, ते पाहुण्याला कार्यक्रमाच्या मेलमध्ये आधीच सांगून टाका, निमंत्रणपत्रात नाही.

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांचा: तारखा बदलल्या तर? तिकीट बदलण्याचा खर्च तिकीट ज्याचं त्याचा, हे एक वाक्य मसुद्यात वाढवा. वर्ध्याचं हॉटेल रद्द करण्याचे पैसे तुमच्याकडे. आणि व्हॉट्सअॅपवर "ओके, 15 ते 20" एवढ्यावर थांबू नका. नव्या तारखांचं, नव्या सहीचं पत्र करा, खर्चाच्या ओळीतल्या रात्रीही बदला, आणि मेलमध्ये लिहा की आधीचं पत्र रद्द समजावं. अर्ज भरून झाला नसेल तर पाहुणा नवीनच पीडीएफ अपलोड करेल. मसुद्याची लिंक डिस्क्रिप्शनमध्ये आहे, हळदीच्या जागी तुमची संत्री, कापूस जे असेल ते टाका.